वाफ, थंड नळी आणि चिमूटभर हवा: संघनन गुणांकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उष्णता-संक्रमणाच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळकांड्यात दोन तांब्याच्या नळ्या बसवलेल्या असतात. एक साधी असते, दुसरीवर चकचकीत मुलामा दिलेला असतो. आतून थंड पाणी वाहतं, बाहेरून वाफ येते. ‘फिल्मवाइज-ड्रॉपवाइज कंडेन्सेशन’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग मी बरीच वर्षं मुलांकडून करून घेतला. त्यात दरवर्षी तेच प्रश्न आले, आणि त्यातले निम्मे शेवटी एकाच ठिकाणी पोचले: वाफेत राहिलेली हवा. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. गुणांक म्हणजे वाफ आणि नळी यांच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना नळीच्या दर चौरस मीटरमधून जाणारी उष्णता. त्याचं एकक सगळीकडे वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश सेल्सिअस आहे, त्यामुळे पुढे नुसता आकडा लिहीन.

सूत्राने १०,००० च्या पुढे उत्तर येतं, प्रयोगात मात्र ३,०००. आमचं नेमकं काय चुकलं?

बहुतेक वेळा आकडेमोड बरोबर असते. नुसेल्टने १९१६ मध्ये मांडलेलं सूत्र शुद्ध वाफेसाठी आहे. त्यात असं गृहीत धरलं आहे की नळीवर पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो, वाफ त्याच्या पृष्ठभागाला थेट भिडते, आणि उष्णतेला अडथळा फक्त त्या पापुद्र्याचा असतो. आडव्या नळीसाठी ते असं लिहितात:

```
h = 0.729 [ k³ ρ² g hfg / (μ D ΔT) ]^(1/4)
```

इथे `h` म्हणजे गुणांक, `k`, `ρ` आणि `μ` म्हणजे पाण्याची वाहकता, घनता आणि श्यानता, `g` गुरुत्वीय त्वरण, `hfg` वाफेची सुप्त उष्णता, `D` नळीचा व्यास आणि `ΔT` वाफ व नळी यांच्या तापमानातला फरक. काचेच्या नळकांड्यात शुद्ध वाफ आहे असं आपण मानतो, पण वाफ सोडण्याआधी तिथे खोलीतली हवा होती. ती पुरती बाहेर गेली नसेल तर पापुद्र्याच्या बाहेर आणखी एक अडथळा उभा राहतो, आणि नुसेल्टच्या सूत्रात त्याला जागाच नाही. तुमच्या मोजमापात मात्र तो आलेला असतो. वाफेचं तापमान उणे नळीचं तापमान असा फरक घेऊन तुम्ही भागाकार केलात की दोन्ही अडथळे मिळून एकच गुणांक हातात येतो.

एक टक्का हवा म्हणजे नगण्य. तिने गुणांक एखाद टक्क्याने घटला तर समजू शकतो, तिसऱ्या हिश्शावर कसा येईल?

सगळा मुद्दा याच प्रश्नात आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

हवेचा एक टक्का नळकांड्यात सगळीकडे सारखा पसरून राहिला असता तर तुमचं म्हणणं खरं ठरलं असतं. तसं होत नाही. थंड नळीकडे वाफ धावते, आणि धावताना तिच्यात मिसळलेल्या हवेलाही ओढत नेते. नळीपाशी पोचल्यावर वाफेचं पाणी होतं आणि ती मिश्रणातून निघून जाते. हवेचं पाणी होत नाही, त्यामुळे ती तिथेच उरते. मागून आलेली वाफ आणखी हवा आणते. काही क्षणांत पापुद्र्याला लागून हवेची दाट साय धरते.

एसटी लागल्यावर दारात काय होतं ते आठवा. चढणारे चढून आत जातात, पण ‘ही कुठली गाडी?’ एवढंच विचारायला आलेले दोघे पायरीपाशी उभे राहतात. मागची गर्दी त्यांना पुढे ढकलते, त्यामुळे त्यांना मागे फिरता येत नाही आणि चढायचं तर नसतंच. शंभरांत असे दोनच असले तरी दार त्यांनीच अडवलेलं असतं.

ही साय अमर्याद वाढत नाही. नळीपाशी हवा दाट आणि लांब विरळ झाली की ती विसरणाने मागे पसरू लागते. वाफेच्या ओघाने आत ओढली जाणारी हवा आणि विसरणाने बाहेर जाणारी हवा सारखी झाली की स्थिती ठरते. या स्थितीत वाफेला हवेच्या गर्दीतून वाट काढत पापुद्र्यापर्यंत पोचावं लागतं, आणि वायूतलं विसरण हे मंद काम आहे.

याचा दुसरा परिणाम तापमानावर होतो. पापुद्र्याच्या पृष्ठभागावरचं तापमान तिथल्या एकूण दाबावर नव्हे, तर तिथल्या वाफेच्या स्वतःच्या आंशिक दाबावर ठरतं. एकूण दाब सगळीकडे तोच असतो. सायीत हवेचा वाटा वाढला की वाफेचा वाटा तेवढाच घटतो आणि तिचं संपृक्त तापमान खाली येतं. नळी ८० अंशांवर आणि वाफ १०० अंशांवर असली, तरी पापुद्र्याच्या वाट्याला २० अंशांचा फरक येत नाही. त्यातला मोठा भाग हवेच्या सायीतच खर्च होतो.

आकड्यांत दाखवाल का?

दाखवतो. २५ मिलिमीटर व्यासाची आडवी नळी घेऊ. एकूण दाब एक वातावरण, म्हणजे १०१.३ किलोपास्कल. नळीचा बाहेरचा पृष्ठभाग आतल्या पाण्याने ८० अंशांवर धरून ठेवला आहे असं समजू.

आधी शुद्ध वाफ. पाण्याचे गुणधर्म ९० अंशांना घेतले (वाहकता ०.६७५, घनता ९६५, श्यानता ०.०००३१५) तर नुसेल्टच्या सूत्राने गुणांक सुमारे १०,४०० येतो. त्याला २० अंशांनी गुणलं की दर चौरस मीटरला सुमारे २०८ किलोवॅट.

आता त्याच वाफेत वजनाने १ टक्का हवा मिसळू. हवेचा रेणू वाफेच्या रेणूपेक्षा जड असल्यामुळे रेणूंच्या हिशेबात ही हवा फक्त ०.६२ टक्के भरते. वाफ जवळजवळ स्थिर आहे आणि नळीभोवतीचा वायूचा मंद थर ३ मिलिमीटर जाड आहे असं धरू. ही जाडी मी उदाहरणासाठी निवडली आहे. प्रत्यक्षात ती वाफेच्या हालचालीवर ठरते, आणि त्याबद्दल पुढे वेगळा प्रश्न आहे. या थरातून वाफेचा ओघ असा निघतो:

```
N = (c D / δ) ln( y_i / y_b )
```

इथे `y_b` म्हणजे दूरवरच्या मिश्रणातला हवेचा वाटा, ०.००६२. `y_i` म्हणजे पापुद्र्याला लागून असलेला हवेचा वाटा, आणि तोच आपल्याला ठाऊक नाही. `c` ही वायूची मोलर घनता, `D` इथे व्यास नसून विसरणांक, `δ` थराची जाडी. `N` मोलमध्ये येतो, त्याला वाफेच्या रेणुभाराने गुणून वस्तुमान काढायचं, आणि वस्तुमानाला सुप्त उष्णतेने गुणून उष्णता.

`y_i` थेट निघत नाही, अंदाज करून जुळवावा लागतो. पापुद्र्याच्या पृष्ठभागाचं तापमान ९० अंश धरलं तर हवेच्या थरातून जेमतेम ७० किलोवॅटची वाफ पोचते, तर पापुद्रा १२० किलोवॅटच्या आसपास उष्णता ओढून न्यायला तयार असतो. म्हणजे पृष्ठभाग थंड व्हायलाच हवा. ८५ अंश धरून पाहू. तिथे वाफेचा आंशिक दाब ५७.८ किलोपास्कल, म्हणजे हवेचा ४३.५, आणि `y_i` आला ०.४३. लॉगची किंमत सुमारे ४.२. हवेच्या थरातून ७५ किलोवॅटच्या आसपास वाफ येते, आणि पापुद्रा उरलेल्या ५ अंशांवर सुमारे ७२ नेतो. दोन्ही जवळपास जुळले, पृष्ठभाग ८५ च्या किंचित वर थांबणार.

शुद्ध वाफेचे २०८ किलोवॅट होते, आता राहिले ७३ च्या आसपास. २० अंशांनी भागलं तर गुणांक सुमारे ३,७००. एवढ्या हवेने जवळजवळ दोन तृतीयांश उष्णता गिळली.

आता आतलं चित्र पाहा. दूरवर रेणूंच्या हिशेबात १६० पैकी एक रेणू हवेचा होता. पापुद्र्यापाशी १०० पैकी ४३ हवेचे झाले. वीस अंशांपैकी पंधरा हवेने खाल्ले, पापुद्र्याला पाच मिळाले. गंमत म्हणजे पापुद्रा आता आणखी पातळ झालेला असतो आणि त्याचा स्वतःचा गुणांक १४,००० च्या वर गेलेला असतो. तो बिचारा चोख काम करतोय, त्याच्यापर्यंत माल पोचत नाहीये.

मग हवा एक टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आणली की प्रश्न मिटेल?

तेवढ्याने मिटत नाही. वरच्याच मांडणीत वजनाने ०.१ टक्का हवा घातली तर मला सुमारे ११० किलोवॅट मिळाले, म्हणजे शुद्ध वाफेच्या निम्म्याहून थोडे जास्त. उलट ५ टक्के घातली तर ४८. हवा पन्नासपट झाली तरी उष्णता निम्म्याच्या आसपासच घटली.

हे लॉगमुळे होतं. सुरुवातीची हवा सगळ्यात महाग पडते, नंतरची तितकी नाही. पहिल्या अर्ध्या टक्क्याचा फटका पुढच्या चार टक्क्यांपेक्षा मोठा असतो. म्हणून ‘बरीचशी हवा काढली’ असं कोणी सांगितलं की मी विचारतो, उरलेली किती?

एक सावधगिरी मात्र बाळगा. थराची जाडी मी ३ मिलिमीटरला बांधून ठेवली आहे. प्रत्यक्षात हवा आणि वाफ यांच्या घनतेतल्या फरकामुळे नळीभोवती मंद प्रवाह सुरू होतो आणि जाडी बदलते. त्यामुळे हे आकडे कल दाखवण्यासाठी घ्या, जर्नलमध्ये ‘सैद्धांतिक मूल्य’ म्हणून लिहू नका.

हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं?

ऑस्बॉर्न रेनॉल्ड्सच्या. रेनॉल्ड्स नंबरवाला तोच. त्याने १८७३ मध्ये हवा आणि वाफेच्या मिश्रणाचं थंड पृष्ठभागावर होणारं संघनन तपासलं. त्याचा निष्कर्ष असा होता की शुद्ध वाफेचं पाणी होण्याला पृष्ठभागाच्या उष्णता वाहून नेण्याच्या ताकदीशिवाय दुसरी मर्यादा नाही, पण थोडी हवा मिसळली की हा वेग झपाट्याने पडतो. १९२९ मध्ये ऑथमरने आकडे दिले: आकारमानाने अर्धा टक्का हवेने गुणांक निम्म्यावर येतो. पाठ्यपुस्तकांत अजूनही हेच वाक्य फिरतं. १९३४ मध्ये कोलबर्न आणि होगन यांनी पृष्ठभागाचं तापमान अंदाजाने धरून दोन्ही बाजू जुळवण्याची पद्धत मांडली. वर मी जे केलं ते तिचंच घरगुती रूप. १९६६ मध्ये मिन्कोविच आणि स्पॅरो यांनी स्थिर वाफेसाठी थराची जाडी हाताने न निवडता समीकरणं सोडवली, आणि वजनाने अर्धा टक्का हवेतही उष्णता निम्मी किंवा त्याहून कमी होऊ शकते, विशेषतः कमी दाबाला, असं दाखवलं.

आमचा थर्मामीटर १०० दाखवत होता. हवा असती तर तापमान कमी दिसलं नसतं का?

दिसलं असतं, पण किती? एक टक्का हवेच्या उदाहरणात दूरवरच्या वाफेचा आंशिक दाब १०१.३ ऐवजी १००.७ किलोपास्कल होतो. त्याचं संपृक्त तापमान ९९.८ अंश. म्हणजे फरक ०.१७ अंशाचा. एक अंशाच्या रेघा असलेल्या थर्मामीटरवर तो दिसणार नाही. पाच टक्के हवा असली तरी ९९.१ दिसेल आणि तुम्ही ते ९९ किंवा १०० लिहून मोकळे व्हाल.

थर्मामीटर वाफेच्या गर्दीच्या मध्यभागी आहे आणि नुकसान नळीला चिकटलेल्या दोन-तीन मिलिमीटरांत होतंय. त्यामुळे दाब आणि तापमान ताडून पाहण्याची पद्धत ढोबळ हवेसाठी ठीक, घातक पण थोड्या हवेसाठी आंधळी.

पुण्यातल्या मुलांसाठी एक जादा गोष्ट. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो आणि पाणी ९८ अंशांच्या थोडं वर उकळतं. तिथे ९८ दिसलं म्हणून हवेला दोष देऊ नका. आधी वायुभारमापक बघा.

मग हवेमुळेच झालंय हे ओळखायचं कसं?

सगळ्यात सोपी चाचणी व्हेंटची. प्रयोग स्थिर चालू असताना वाचन घ्या, मग नळकांड्याचा व्हेंट दोन मिनिटं नीट उघडा, थोडी वाफ बाहेर जाऊ द्या, आणि पुन्हा वाचन घ्या. नळीच्या पृष्ठभागाचं तापमान वर चढलं आणि थंड पाणी आधीपेक्षा गरम होऊन बाहेर पडू लागलं, तर हवा होती. काहीच बदललं नाही, तर चूक दुसरीकडे शोधा.

दुसरी खूण काळाची. शुद्ध वाफेत वाचन स्थिरावतं आणि तिथेच राहतं. हवा साठत असेल तर गुणांक दर दहा मिनिटांनी थोडा थोडा उतरत जातो. मुलं याला ‘स्थिर स्थिती आली नाही’ म्हणतात. ती कधीच येणार नसते.

थर्मोकपलची चूक असू शकत नाही का?

असू शकते, आणि या उपकरणांत ती बऱ्याचदा असतेच. आतलं पाणी मंद वाहत असेल तर मुख्य अडथळा पाण्याच्या बाजूला असतो. मग नळीचा पृष्ठभाग वाफेच्या फार जवळ जातो, समजा ९६ अंशांवर. खरा फरक ४ अंशांचा आणि थर्मोकपलची चूक एका अंशाची, म्हणजे गुणांकात पंचवीस टक्क्यांचा झोल तिथेच झाला. पाणी जोरात सोडा, फरक वाढवा, मग मोजा.

अशा मंद पाण्याच्या स्थितीत हवेचा परिणामही वेगळा दिसतो. एकूण उष्णता फारशी घटत नाही, कारण तिला पाण्यानेच अडवलेलं असतं. पण नळीचा पृष्ठभाग थंड पडतो, आणि भागाकार केल्यावर बाहेरचा गुणांक कोसळलेला दिसतो. नुसत्या पाण्याच्या तापमानवाढीकडे बघून ‘हवा नाही’ असं ठरवणारे इथे फसतात.

बंद नळकांड्यात हवा येते तरी कुठून?

तीन वाटांनी. पहिली म्हणजे ती आधीपासून होती. ३ लिटरच्या नळकांड्यात खोलीच्या तापमानाला साडेतीन ग्रॅम हवा असते. त्याच जागेत १०० अंशांची वाफ मावते फक्त १.८ ग्रॅम. म्हणजे आधीची हवा वाफेच्या दुप्पट वजनाची आहे आणि ती जवळजवळ सगळी घालवायची आहे.

दुसरी वाट बॉयलरच्या पाण्यातून. नळाच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे २२-२३ मिलिग्रॅम हवा विरघळलेली असते. पाच लिटर पाण्यात शंभरावर मिलिग्रॅम. वाफेच्या १.८ ग्रॅमपुढे हे सहा टक्के झाले. पाणी तापताना यातली बरीचशी हवा उकळी फुटायच्या आधीच सुटते. म्हणून व्हेंट आणि वाफेचा झडप बंद ठेवून पाणी तापवू नका, नाहीतर ती हवा बॉयलरच्या वरच्या जागेत दबा धरून बसते आणि झडप उघडताच पहिल्या झोताबरोबर नळीवर येते. मध्येच थंड पाण्याची भर घातली तर हा सगळा खेळ पहिल्यापासून.

तिसरी वाट गळतीची, पण ती नळकांड्यात दाब वातावरणापेक्षा कमी झाला तरच. थंड नळी वाफ इतक्या वेगाने पिते की हीटर पुरा पडत नाही, आणि दाब किंचित खाली जातो. मग गॅस्केटच्या फटीतून हवा आत येते. प्रयोग संपल्यावर हीटर बंद करून पाणी चालू ठेवलं की हे हमखास होतं. पुढची बॅच तीच हवा घेऊन सुरू करते आणि आधीच्या बॅचला शिव्या देते.

व्हेंट किती वेळ उघडा ठेवायचा?

दोन किलोवॅटचा हीटर सेकंदाला सुमारे ०.९ ग्रॅम वाफ देतो, म्हणजे दीड लिटर. तीन लिटरची जागा दोन सेकंदांत एकदा भरते. हवा आणि वाफ पूर्ण मिसळत राहिली असं धरलं तर दर भरण्याला उरलेली हवा सुमारे ३७ टक्क्यांवर येते. सात भरण्यांनंतर मूळ हवेचा हजारावा हिस्सा उरतो. कागदावर पंधरा सेकंदांत काम झालं.

प्रत्यक्षात मी पाच ते दहा मिनिटं म्हणतो. सुरुवातीला थंड काच आणि धातूच वाफ पिऊन टाकतात, त्यामुळे बाहेर जाणारी वाफ फार थोडी असते. कोपरे आणि दाबमापकाची बारीक नळी अशा ठिकाणी हवा तळ ठोकून बसते. आणि वर पाहिलंच, हजाराव्या हिश्शानेही भागत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्रम. आधी व्हेंट उघडा, वाफ सोडा, काच चांगली तापू द्या, व्हेंटमधून जोरकस वाफ येऊ द्या, आणि मग थंड पाणी सुरू करा. पाणी आधी सुरू केलंत तर वाफ नळीवरच संपते, व्हेंटपर्यंत पोचतच नाही, आणि हवा नळीपाशी जमा होत राहते. दहा मिनिटं व्हेंट उघडा ठेवूनही उत्तर चुकणाऱ्या बॅचनी बहुधा हेच केलेलं असतं.

व्हेंट वर हवा की खाली?

हवा त्याच तापमानाच्या वाफेपेक्षा जड असते, म्हणून स्थिर नळकांड्यात ती खाली उतरू पाहते. पण वाफ वाहती असेल तर वजनापेक्षा वाफेची वाट महत्त्वाची ठरते. वाफ जिथे आत येते तिथून सगळ्यात लांब, तिचा प्रवास जिथे संपतो तिथे, हवा गोळा होते. व्हेंट तिथे असावा. वाफेच्या प्रवेशाशेजारीच व्हेंट बसवलेली उपकरणं मी पाहिली आहेत. त्यांतून ताजी वाफ छान फुसफुसत बाहेर जाते आणि हवा आत निवांत राहते.

वाफेचा वेग वाढवला तर?

बराच फरक पडतो. नळीवरून वाफ जोरात वाहिली की हवेची साय धुतली जाते, मंद थर पातळ होतो, आणि ओघ त्या प्रमाणात वाढतो. वरच्या उदाहरणात ३ मिलिमीटरऐवजी १ मिलिमीटर धरलात तर हवेचा अडथळा तिसऱ्या हिश्शावर येतो. औष्णिक केंद्रांतल्या कंडेन्सरमध्ये नळ्यांची मांडणी अशी करतात की वाफ वाट काढत एका ठरावीक कोपऱ्याकडे जाते आणि तिथून हवा ओढून काढली जाते. वाफेला वाट राहिली नाही तर मधल्या नळ्यांभोवती हवेची तळी साचतात, आणि त्या नळ्या असून नसल्यासारख्या होतात.

मुलामा दिलेल्या नळीवर थेंब पडतात, तरी तिचा गुणांक साध्या नळीएवढाच येतो. असं का?

हाही बहुधा हवेचाच पुरावा. थेंब सुटून ओघळतात, मागचा धातू उघडा पडतो, त्यामुळे शुद्ध वाफेत थेंबांचं संघनन पापुद्र्याच्या कितीतरी पट उष्णता नेतं. पण थेंबांनी कमी होतो तो पाण्याचा अडथळा. हवेचा अडथळा मोठा असेल तर पाण्याचा कितीही कमी करा, बेरीज फारशी हलत नाही. वरच्या उदाहरणात वीसांपैकी पाचच अंश पापुद्र्याकडे होते. ते शून्य झाले तरी हवेचे पंधराचे वीस होतील, आणि थराची जाडी तीच असेल तर त्यातून मिळणारी वाढ किरकोळ. दोन्ही नळ्यांचे गुणांक सारखे आले तर मी मुलांना आधी व्हेंटकडे पाठवतो.

‘संघनन गुणांक’ एकाहून कमी असतो असं दुसऱ्या पुस्तकात वाचलं. मग १०,००० कुठला?

नाव एकच असलं तरी गोष्टी दोन आहेत. आपला गुणांक उष्णता-संक्रमणाचा. दुसरा रेणूंचा: पाण्याच्या पृष्ठभागावर आदळणाऱ्या वाफेच्या रेणूंपैकी किती चिकटतात याचं गुणोत्तर, म्हणून तो शून्य ते एकमध्ये असतो. तो एक धरला तर एक वातावरणाला पृष्ठभागावरच्या या पायरीचा उष्णता-गुणांक दीड कोटीच्या आसपास येतो. पापुद्र्याच्या दहा हजारांपुढे त्याचा अडथळा विसरलात तरी चालेल.

हवेचा संबंध इथेही आहे. पाण्यासाठी हे गुणोत्तर मोजणाऱ्यांना शतांशाहून कमीपासून ते एकापर्यंत आकडे मिळाले. पृष्ठभागावरची घाण आणि वाफेत उरलेली हवा ही या गोंधळाची दोन मोठी कारणं मानली जातात. पृष्ठभागाच्या तापमानात जरा चूक झाली की सगळा दोष रेणूंच्या माथी जातो.

कारखान्यात हे कुठे दिसतं?

पश्चिम महाराष्ट्रातल्या मुलांना मी साखर कारखान्याचं उदाहरण देतो, कारण घरचं कोणी ना कोणी तिथे असतंच. रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या एका बॉडीत उसाच्या रसातून निघालेली वाफ पुढच्या बॉडीच्या कॅलेंड्रियात, म्हणजे रस तापवणाऱ्या नळ्यांच्या भागात, जाते आणि नळ्यांच्या बाहेर तिचं पाणी होतं. रस उकळताना त्यातले वायूही सुटतात, अमोनियासुद्धा, आणि ते वाफेबरोबर कॅलेंड्रियात येतात. शेवटच्या बॉड्या निर्वातात चालतात, त्यामुळे फ्लँज, साइट ग्लास आणि पंपांच्या ग्लँडमधून बाहेरची हवा आत शिरते.

खूण अशी: कॅलेंड्रियातला दाब वाढत जातो पण रस तितका उकळत नाही, ब्रिक्स, म्हणजे रसाचा दाटपणा, चढत नाही. अनुभवी माणूस कॅलेंड्रियाच्या अंगावर हात फिरवतो, आणि एखादा भाग बाकीच्यापेक्षा थंड लागतो. वायूंची लाइन थोडी जास्त उघडली की साइट ग्लासमधून उकळीचा जोर वाढलेला दिसतो. नळ्यांवर क्षारांची खर धरली असती तर व्हेंट उघडल्याने काही फरक पडला नसता. त्यावरून खर आणि हवा वेगळी ओळखता येते. लाइन गरजेपेक्षा जास्त उघडी ठेवली तर मात्र चांगली वाफ वाया जाते. म्हणून ती उघडत न्यायची, उकळीचा जोर वाढायचा थांबला की तिथेच ठेवायची.

हवा मुद्दाम ठेवून प्रयोग करता येईल का?

येईल, आणि मला तो मूळ प्रयोगापेक्षा जास्त आवडतो. नीट व्हेंट करून शुद्ध वाफेचं वाचन घ्या. मग वैद्यकीय सिरिंज आणि झडप लावलेल्या नळीतून ठरावीक हवा आत सोडा. तीन लिटरच्या नळकांड्यात खोलीच्या तापमानाची १५ मिलिलिटर हवा म्हणजे सुमारे १८ मिलिग्रॅम, आणि आतल्या वाफेच्या १.८ ग्रॅमशी ती बरोबर एक टक्का. व्हेंट बंद ठेवून दहा मिनिटांनी वाचन घ्या, मग आणखी १५ सोडा. नळकांडं काचेचं आहे हे विसरू नका: सुरक्षा झडप चालू असल्याची खात्री करा, दाबमापकावर लक्ष ठेवा, हीटर कमी-जास्त करून दाब वातावरणाच्या किंचितच वर राहू द्या.

पहिल्या सिरिंजने गुणांक किती पडला आणि चौथ्या सिरिंजने किती, हे दोन आकडे शेजारी लिहा. व्हायवाला मी तेवढंच विचारतो.